पूर्ण आंतरिक परावर्तन, लोलक आणि ऑप्टिकल फायबर: कोन काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी ते बारावीच्या मुलांना प्रकाशाचा भाग शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांची किल्ली एकच आहे: किरण एखाद्या पृष्ठभागावर पोचला की तिथे थांबा, स्तंभिका काढा आणि किरणाचा स्तंभिकेशी होणारा कोन क्रांतिक कोनापेक्षा मोठा की लहान ते बघा. वाचताना वही, पट्टी, कोनमापक आणि कॅल्क्युलेटर जवळ असू द्या. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, ते आधी sin ३० दाबून तपासा. उत्तर ०.५ यायला हवं.

क्रांतिक कोन म्हणजे नेमका कुठला कोन? तो कुठून मोजायचा?

व्याख्या पाठ असते, पण कोन डोळ्यांसमोर नसतो. म्हणून आधी आकडे घालून बघू. काचेचा अपवर्तनांक १.५२ धरा. साधी क्राउन काच साधारण एवढीच असते. किरण काचेच्या आतून हवेकडे निघाला आहे. काचेतला कोन i, हवेतला कोन r आणि दोन्ही स्तंभिकेपासून मोजलेले. स्नेलचा नियम सांगतो:

१.५२ × sin i = १ × sin r

आता i हळूहळू वाढवा. i = ३०° असताना sin r = ०.७६, म्हणजे r = ४९.५°. i = ४०° ला r = ७७.७°. i = ४१° ला r = ८५.७°. शेवटच्या एका अंशात r आठ अंशांनी पुढे सरकला, हे लक्षात घ्या. बाहेर पडणारा किरण आता काचेच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून चालला आहे. i = ४२° घातला, तर sin r = १.०१७ येतं आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. मुलं इथे आकडेमोड चुकली असं समजून खोडतात. खोडू नका, कारण तो एरर हेच उत्तर आहे. एकापेक्षा मोठा sin असलेला कोनच नसतो, म्हणून हवेत जाणारा किरणही नाही. सगळा प्रकाश काचेत परततो.

r बरोबर ९०° होतो तो आतला कोन म्हणजे क्रांतिक कोन c. त्या वेळी sin r = १, म्हणून sin c = १ ÷ n. आपल्या काचेसाठी १ ÷ १.५२ = ०.६५७९, म्हणजे c = ४१.१°. पाण्यासाठी (n = १.३३) तो ४८.८° आणि हिऱ्यासाठी (n = २.४२) फक्त २४.४°.

आणखी एक गोष्ट. क्रांतिक कोनापाशी परावर्तन अचानक ‘चालू’ होत नाही. लहान कोनालाही थोडा प्रकाश आत परततच असतो, पण फिका. कोन वाढत जातो तसा परतणारा किरण उजळतो आणि बाहेर जाणारा मंदावतो. आकृती काढताना क्रांतिक कोनाच्या आधीही आत परतणारा किरण पुसट तुटक रेषेने दाखवा.

प्रकाश हवेतून काचेत जाताना पूर्ण आंतरिक परावर्तन का होत नाही?

तेच समीकरण उलटं वापरा. sin r = sin i ÷ १.५२. sin i जास्तीत जास्त १, म्हणून sin r कधीच ०.६५८ च्या वर जात नाही. एरर यायला वावच नाही. किरण घन माध्यमातून विरल माध्यमाकडे निघालेला असला पाहिजे, ही अट इथूनच येते.

हे घरी कुठे दिसेल?

काचेच्या साध्या पेल्यात. पेला पाण्याने काठापर्यंत भरा आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, पेल्याच्या आतल्या भिंतीकडे तिरकं बघा. भिंत चांदीच्या पत्र्यासारखी चमकते आणि पलीकडचं काही दिसत नाही. आता पेला हातात धरा. बोटं भिंतीला बाहेरून टेकली आहेत, तरी हात दिसत नाही. दिसतात ते बोटांचे ठसे. कोरडं बोट हलकं टेकवलं तर ठशातली एकेक रेघ वेगळी दिसते. ओलं बोट दाबलं की सगळा ठिपका एकदम भरून येतो.

कारण असं की भिंतीच्या बाहेर हवा आहे तिथे परावर्तन पूर्ण आहे. बोटाच्या त्वचेचे उंचवटे मात्र काचेला प्रत्यक्ष चिकटतात. तिथे काचेपलीकडे हवा नसून त्वचा येते आणि प्रकाश तिच्यात शिरतो. उंचवट्यांमधल्या खाचांत हवा शिल्लक असते, म्हणून तो भाग चमकतच राहतो. ओल्या बोटाने त्या खाचा पाण्याने भरतात.

यातून एक बारीक गोष्टही कळते. पूर्ण परावर्तन होताना प्रकाश पृष्ठभागापलीकडे अगदीच पोचत नाही असं नाही. तो तरंगलांबीच्या आसपासच्या अंतरापर्यंत किंचित डोकावतो आणि परततो. त्या अंतरात दुसरं घन माध्यम आणून ठेवलं तर प्रकाश तिकडे निसटतो. फायबरच्या प्रश्नात ही गोष्ट पुन्हा लागणार आहे.

४५° चा लोलक आरशासारखा कसा वागतो? आकृती कशी काढायची?

४५°-४५°-९०° चा त्रिकोण काढा. काटकोन B पाशी, कर्ण AC. किरण AB बाजूवर लंब आत येऊ द्या.

```
        A
        |\
        | \
 --->---|--\ M
        |  |\
        |  v \
        B-----C
           |
           v
```

AB वर किरण लंब आहे, म्हणजे स्तंभिकेशी कोन ०°. तो न वळता सरळ आत जातो. इथे बरीच मुलं सवयीने किरण वाकवतात. कर्णावर M पाशी स्तंभिका काढा आणि कोनमापक लावा: ४५° येईल. ४५° हा ४१.१° पेक्षा मोठा, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन. परतलेला किरणही स्तंभिकेशी ४५° करतो, त्यामुळे एकूण ९०° वळून BC वर लंब पडतो आणि पुन्हा न वळता बाहेर येतो.

आता याच आकृतीवरचा आवडता परीक्षाप्रश्न: कर्णावर पाणी पसरलं तर? क्रांतिक कोन एकट्या काचेचा नसतो. तो काच आणि तिच्यापलीकडचं माध्यम या जोडीचा असतो. म्हणून नव्याने काढायचा: sin c = १.३३ ÷ १.५२ = ०.८७५, c = ६१.०°. आपला ४५° आता लहान ठरला. प्रकाश पाण्यात निघून जाईल. किती वळून? sin r = १.५२ × ०.७०७१ ÷ १.३३ = ०.८०८, r = ५३.९°. काचेतून पाण्यात, म्हणजे घन माध्यमातून विरल माध्यमात गेल्यामुळे किरण स्तंभिकेपासून दूर वळला, हे आकृतीत दिसलं पाहिजे.

४१° आणि ४५° मध्ये तीन-चार अंशांचाच फरक आहे. प्रत्यक्षात तो पुरतो का?

प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर दुर्बिणीत आहे. दोन डोळ्यांच्या जुन्या घाटाच्या दुर्बिणीत असेच काटकोनी लोलक बसवलेले असतात. पण तिथे किरण लोलकावर लंब येत नाहीत. समोरच्या भिंगाने ते गोळा होत असतात, त्यामुळे कडेचे किरण सहा-सात अंश तिरके असतात.

६° तिरका किरण घेऊ. अशा लोलकांसाठी दोन काचा प्रचलित आहेत: BK7 (n = १.५१७) आणि BaK4 (n = १.५६९).

BK7 साठी, आत शिरताना sin r = sin ६° ÷ १.५१७ = ०.०६८९, म्हणजे r = ३.९५°. हा किरण ज्या बाजूला झुकला आहे त्यावरून कर्णावरचा कोन ४५° + ३.९५° किंवा ४५° − ३.९५° होतो. पहिल्यात काही धोका नाही. दुसरा ४१.०५° येतो आणि BK7 चा क्रांतिक कोन आहे ४१.२४°. थोडक्यात हुकला! या किरणाचा काही प्रकाश कर्णातून बाहेर गळतो.

BaK4 साठी आतला कोन ३.८२°, कर्णावर ४१.१८°, आणि क्रांतिक कोन ३९.६°. दीड अंश शिल्लक ठेवून परावर्तन पूर्ण होतं.

हे नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं. दुर्बीण हातभर लांब धरा, उजळ आकाशाकडे रोखा (सूर्याकडे मुळीच नाही) आणि डोळा लावायच्या भिंगातला उजळ ठिपका बघा. ठिपका नीट गोल असेल तर लोलकात प्रकाश गळत नाही. कडा करड्या होऊन ठिपका चौकोनी वाटत असेल तर कडेचे किरण क्रांतिक कोनाखाली घसरत आहेत.

मग सरळ आरसाच का लावत नाहीत? आरशाच्या चांदीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर प्रत्येक वेळी थोडा प्रकाश शोषतो आणि वर्षांनुवर्षं काळा पडत जातो. पूर्ण आंतरिक परावर्तनात काही शोषणारा थरच नाही. फक्त कर्ण स्वच्छ राहिला पाहिजे. त्यावर तेलकट बोट लागलं की पेल्याचीच गत.

६०° च्या लोलकात r₁ + r₂ = A हे कुठून आलं?

पाठ करू नका, एकदा काढून बघा. शिरोबिंदू A. किरण पहिल्या पृष्ठभागावर P पाशी आत येतो आणि दुसऱ्या पृष्ठभागावर Q पाशी पोचतो. आता त्रिकोण APQ बघा. P पाशी स्तंभिका पृष्ठभागाशी ९०° करते, किरण स्तंभिकेशी r₁ करतो, म्हणून त्रिकोणाचा P पाशी कोन ९०° − r₁. तसंच Q पाशी ९०° − r₂. तिन्ही कोनांची बेरीज १८०°:

A + (९०° − r₁) + (९०° − r₂) = १८०°, म्हणून r₁ + r₂ = A.

विचलन कोनही असाच येतो. किरण पहिल्या पृष्ठभागावर i − r₁ एवढा वळतो, दुसऱ्यावर e − r₂ एवढा, दोन्ही वेळा पायाकडे. बेरीज केली की विचलन = i + e − A. इथे e म्हणजे निर्गत कोन.

आकृतीत दोन्ही स्तंभिका लांब तुटक रेषांनी काढा, म्हणजे काचेच्या आत त्या एकमेकींना छेदतील. ज्यांची आकृती चुकते, त्यांनी बहुधा दुसरी स्तंभिका पहिलीला समांतर काढलेली असते. पृष्ठभाग फिरला की स्तंभिकाही फिरते.

लोलकात किरण सोडला, पण समोरच्या बाजूने बाहेरच आला नाही. असं का?

टाचण्यांचा प्रयोग करताना हे घडतं. दोन टाचण्या रोवलेल्या, आणि पलीकडून डोकावलं तर त्या दिसतच नाहीत. मुलांना वाटतं लोलक खराब आहे. बहुतेक वेळा आपतन कोन फार लहान घेतलेला असतो.

n = १.५२, A = ६०°, i = २५° घेऊन सोडवू. sin r₁ = ०.४२२६ ÷ १.५२ = ०.२७८०, r₁ = १६.१°. म्हणून r₂ = ६०° − १६.१° = ४३.९°. हा ४१.१° पेक्षा मोठा. दुसऱ्या पृष्ठभागावर पूर्ण आंतरिक परावर्तन झालं आणि किरण पायाकडे गेला.

मग कमीत कमी किती i हवा? उलट्या दिशेने चला. किरण कसाबसा बाहेर पडायला r₂ = ४१.१° चालेल. तेव्हा r₁ = १८.९°, sin i = १.५२ × sin १८.९° = ०.४९, i = २९.४°. म्हणून प्रयोगाची सुरुवात ३५° च्या आसपास करा, २५° पासून नको.

पायाकडे गेलेल्या त्या किरणाचं पुढे काय होतं, हे मला फार आवडतं. लोलकाचे तिन्ही कोन ६०° चे. दुसरा पृष्ठभाग आणि पाया यांच्यातल्या कोपऱ्यासाठी तीच त्रिकोणाची युक्ती लावा: r₂ + r₃ = ६०°, म्हणून r₃ = ६०° − ४३.९° = १६.१°. म्हणजे r₃ = r₁, आणि किरण पायातून बरोबर २५° ला बाहेर येतो. रंग कुठलाही असो, हे गणित तसंच येतं. त्यामुळे पायातून सगळे रंग एकमेकांना समांतर निघतात आणि फाकलेली वर्णपंक्ती मिळत नाही. एकाच लोलकातून, नुसता कोन बदलून, एकदा सप्तरंग मिळतात आणि एकदा पांढरा प्रकाश पांढराच परत येतो.

रंग वेगळे होतात म्हणजे किती वेगळे? आकडा सांगा.

पुस्तकातल्या आकृतीत तांबड्या आणि जांभळ्या किरणांत वीस-वीस अंशांची फट असते. ती समजावण्यासाठी ताणलेली असते. खरा आकडा काढू. BK7 काचेचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशासाठी (६५६ नॅनोमीटर) १.५१४ आहे आणि निळ्यासाठी (४८६ नॅनोमीटर) १.५२२. फरक तिसऱ्या दशांशात. A = ६०°, i = ५०°.

तांबडा: sin r₁ = ०.७६६० ÷ १.५१४, r₁ = ३०.४०°. r₂ = २९.६०°. sin e = १.५१४ × sin २९.६०°, e = ४८.४°. विचलन = ५०° + ४८.४° − ६०° = ३८.४°.

निळा: r₁ = ३०.२२°, r₂ = २९.७८°, e = ४९.१°. विचलन = ३९.१°.

दोघांत फरक ०.७°. भिंत २ मीटरवर असेल तर २०० × tan ०.७° = २.४ सेंटिमीटर. एवढीच तुमची तांबड्यापासून निळ्यापर्यंतची पट्टी. जांभळ्यापर्यंत मोजली तर थोडी अधिक. मधल्या पायऱ्यांत एका दशांशावर गोळाबेरीज केली तर हा फरकच हरवतो, म्हणून r₁ आणि r₂ दोन दशांशांपर्यंत ठेवा.

खिडकीतल्या उन्हात लोलक धरला तर मधला भाग पांढराच राहतो. का?

कारण सूर्य बिंदू नाही. आकाशात त्याच्या बिंबाची रुंदी साधारण अर्धा अंश आहे, आणि रंगांमधली फट वर काढली ती ०.७°. बिंबाच्या एका कडेचा निळा दुसऱ्या कडेच्या हिरव्या-पिवळ्यावर पडतो आणि रंग एकमेकांत मिसळतात. त्यात लोलक भिंतीजवळ असेल, तर त्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीएवढा उन्हाचा पट्टा फाकायच्या आतच भिंतीवर पोचतो. मग रंग फक्त कडांना दिसतात, एका कडेला तांबूस आणि दुसरीला निळसर. पुठ्ठ्यात ब्लेडने बारीक फट पाडून ती लोलकासमोर धरा आणि भिंत लांब घ्या.

न्यूटनने १६७२ साली छापलेल्या आपल्या प्रयोगाच्या वर्णनात हेच आकडे आहेत. खिडकीच्या फळीला लहानसं गोल भोक, त्यापाशी लोलक आणि २२ फुटांवर भिंत. भिंतीवरची पट्टी सव्वातेरा इंच लांब आणि २ ५/८ इंच रुंद आली. रुंदीचा हिशेब तुम्हीच करा: २२ फूट म्हणजे २६४ इंच, २.६२५ ÷ २६४ = ०.००९९४ रेडियन, म्हणजे ०.५७°. सूर्याचं बिंब आणि भोकाची थोडी रुंदी, दुसरं काही नाही. लांबी मात्र रुंदीच्या पाचपट. गोल भोकातून आलेला प्रकाश लांबट का झाला, हा प्रश्न त्याला पडला, आणि प्रत्येक रंग वेगळ्या कोनातून वळतो हे उत्तर त्यातून निघालं. त्यातला एक रंग वेगळा काढून त्याने दुसऱ्या लोलकातून नेला, तेव्हा तो पुन्हा वळला, पण त्याचे आणखी रंग झाले नाहीत.

ऑप्टिकल फायबरमध्ये किरण कोणत्याही कोनातून घातला तरी आत अडकतो का?

नाही. इथे दोन पृष्ठभागांवर थांबायचं आहे: आधी फायबरच्या कापलेल्या टोकावर, मग आतल्या भिंतीवर. या दोन ठिकाणच्या स्तंभिका एकमेकींना काटकोनात असतात आणि गोंधळ तिथेच होतो.

आकृती अशी काढा. एक लांब आडवा पट्टा, हा गाभा. त्याच्या वर आणि खाली एकेक पट्टा, हे आवरण. डाव्या टोकाच्या मध्यावर आडवी तुटक रेषा, ही टोकाची स्तंभिका. किरण तिच्याशी थोडा वर झुकून आत येऊ द्या. जिथे तो वरच्या भिंतीला लागतो तिथे उभी तुटक रेषा काढा. टोकापाशी आतला कोन r असेल, तर भिंतीपाशी तो ९०° − r.

गाभा n = १.४८, आवरण n = १.४६ घेऊ. क्रांतिक कोन: sin c = १.४६ ÷ १.४८ = ०.९८६५, c = ८०.६°. किती मोठा कोन आहे बघा. किरण भिंतीला जवळजवळ समांतरच हवा.

१०° ला घातलेला किरण: sin r = ०.१७३६ ÷ १.४८, r = ६.७°. भिंतीवर ८३.३°. ८०.६° पेक्षा मोठा, म्हणून अडकला.

२०° ला घातलेला किरण: r = १३.४°. भिंतीवर ७६.६°. लहान. आवरणात निसटला.

सीमा कुठे? भिंतीवर ८०.६° हवा, म्हणजे r = ९.४°, sin i = १.४८ × sin ९.४°, i = १४°. टोकासमोर अक्षाभोवती १४° चा एक शंकू कल्पा. त्याच्या आतून आलेला प्रकाशच पुढे जातो.

१०° वाल्या किरणाचा हिशेब थोडा पुढे नेऊ. गाभ्याचा व्यास ५० मायक्रोमीटर असेल, तर एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाताना तो ५० ÷ tan ६.७४° = ४२३ मायक्रोमीटर पुढे सरकतो. एका मीटरमध्ये सुमारे २,३६० परावर्तनं! प्रत्येक परावर्तनात हजारात एक भाग जरी हरवला असता, तरी मीटरभरातच दहावा हिस्सासुद्धा उरला नसता.

आवरण कशाला? हवा बाहेर असेल तर क्रांतिक कोन लहान होईल आणि उलट जास्त प्रकाश आत मावेल ना?

गणित बरोबर आहे. १.४८ ची उघडी काच हवेत असेल तर c = ४२.५°. पण पेला आठवा. प्रकाश पृष्ठभागापलीकडे किंचित डोकावतो, आणि उघड्या काचेवर धूळ, तेलाचा अंश किंवा शेजारचा दुसरा तंतू टेकला की तिथून तो निसटतो. आवरण असलं की डोकावणारा प्रकाश स्वच्छ काचेतच राहतो. बाहेरून हात लावा, वेष्टन चढवा, गाभ्याच्या भिंतीला ते कळतच नाही.

१९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात यावर दोन लेख आले. एक हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचा, तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याबद्दल. दुसरा व्हान हील यांचा, तंतूवर कमी अपवर्तनांकाचं आवरण चढवण्याबद्दल. दूर अंतरासाठी मात्र काच स्वतःच फार प्रकाश शोषत होती. तो दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवलं. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

घरी येणाऱ्या फायबरमध्येही किरण असाच नागमोडी जातो का?

नाही, आणि हे वर्गात सहसा सांगायचं राहून जातं. नागमोडी आकृती जाड गाभ्यासाठी खरी. तिच्यात एक अडचण आहे. १०° वाला किरण सरळ जाणाऱ्या किरणापेक्षा ०.७ टक्के लांब वाट चालतो, म्हणजे किलोमीटरला ७ मीटर. तेवढ्यासाठी सुमारे ३४ नॅनोसेकंद उशीर होतो. एकाच वेळी निघालेला प्रकाश पसरून पोचतो आणि जलद येणारे स्पंद एकमेकांत मिसळतात. म्हणून लांबच्या फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा ठेवतात. त्यातून १.३१ किंवा १.५५ मायक्रोमीटरचा प्रकाश जातो. गाभा तरंगलांबीच्या काही पटच रुंद असला की किरणाची रेषा काढण्यात अर्थ राहत नाही. प्रकाश एकाच ठरावीक तरंगरूपात पुढे जातो आणि त्याचा काही भाग आवरणातूनही वाहत असतो.

फायबर वाकवला की प्रकाश का गळतो? किती वाकवलेला चालतो?

जाड गाभ्याचंच उदाहरण घेऊ. अक्षावरून सरळ येणारा किरण वळणावर बाहेरच्या भिंतीला लागतो. वळणाची त्रिज्या R आणि गाभ्याची त्रिज्या २५ मायक्रोमीटर असेल, तर वळणाच्या केंद्रापासून त्रिकोण काढून sin i = R ÷ (R + २५) मिळतं. हे ०.९८६५ च्या खाली जायला R सुमारे १.८ मिलिमीटर व्हावी लागते. आतल्या कडेने येणाऱ्या किरणासाठी ती ३.७ मिलिमीटर येते. आणि जे किरण आधीच ८१° च्या आसपास चालले आहेत ते त्याहून कितीतरी मोठ्या वळणावरही निसटतात. बारीक गाभ्याच्या फायबरमध्ये गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकांतला फरक आणखी कमी असतो, म्हणून G.652 या नेहमीच्या प्रकारासाठी ३० मिलिमीटरची त्रिज्या सांभाळतात. घरातल्या कोपऱ्यांसाठी G.657.A2 सारखे प्रकार आहेत. ते ७.५ मिलिमीटरपर्यंत चालतात.

आमच्याकडे एकदा मोडेमवरचा, सिग्नल तुटल्याचं दाखवणारा LOS चा दिवा तांबडा झाला. कपाट मागे सरकवताना वायर भिंतीत दाबली गेली होती. दुरुस्तीला आलेल्या मुलाने वायरचं टोक काढून त्यात पेनाएवढा लाल लेझर लावला आणि खोलीतले दिवे मालवले. सगळी वायर काळोखात होती. फक्त कपाटामागे, जिथे ती टोकदार दुमडली होती, तिथे पांढऱ्या वेष्टनातून बोटाच्या पेराएवढा तांबडा उजेड बाहेर येत होता. त्याने ती दुमड सोडवून वायरीला वाटीएवढा गोल वळसा दिला. उजेड विझला आणि टोक परत मोडेमला लावल्यावर LOS चा दिवाही गेला.